कानातला कोंडा, गाडीची किल्ली आणि पावसाळा

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जे जसं आलं ते बरंचसं तसंच ठेवलंय, फक्त दोनदा सांगितलेल्या गोष्टी काढून टाकल्यात.)

आजचा विषय तुमच्यापैकी निम्मे जण ऐकता ऐकता करत असतील असा आहे. इअरफोन काढायचा, करंगळी कानात घालायची, जोरात हलवायची, डोळे मिटायचे, आणि मग नखावर आलेला पांढरा-पिवळा भुगा बघायचा. बरोबर ना? त्या भुग्याबद्दल बोलायचंय आज.

मी कान-नाक-घशाची डॉक्टर आहे, हे नेहमीच्या लोकांना माहीत आहे. जून ते सप्टेंबर माझ्या ओपीडीत सगळ्यात जास्त ऐकू येणारी दोन वाक्यं म्हणजे "डॉक्टर, कानात खूप खाज येते" आणि "डॉक्टर, कान ठणकतोय". यातली गंमत अशी की दुसरं वाक्य बोलणारा माणूस बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांपूर्वी पहिलं वाक्य बोलत होता. फक्त माझ्यासमोर नाही, स्वतःशी. आणि मधल्या काळात त्याच्या हातात काहीतरी होतं. काडी, पिन, पेनाचं टोपण, गाडीची किल्ली.

आधी एक शब्दांचा घोळ मिटवते. आपल्याकडे 'बड्स' म्हटलं की दोन वस्तू येतात. एक, कापूस लावलेली काडी. दुसरी, गाणी ऐकायची वायरलेस वस्तू. मी आज पहिलीला 'काडी' म्हणणार आणि दुसरीला 'इअरफोन'. दोन्ही या गोष्टीत आरोपी आहेत, पण गुन्हे वेगळे आहेत.

तर कानाच्या छिद्रापासून पडद्यापर्यंत जी नळी जाते, ती मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटीमीटरची असते. म्हणजे तुमच्या अंगठ्याच्या पहिल्या पेरापेक्षा थोडी कमी. बाहेरचा एक तृतीयांश भाग मऊ आहे, खाली कूर्चा आहे, तिथे बारीक केस आहेत आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथीही तिथेच आहेत. आतला दोन तृतीयांश भाग मात्र थेट हाडातून जातो. तिथली त्वचा कागदासारखी पातळ आहे आणि तिच्याखाली चरबीची गादी नाही, लगेच हाड. नडगीवर टेबलाचा कोपरा लागला तर कसं होतं, आठवा. नडगीवरची त्वचा तरी त्यामानाने बरीच जाड आहे.

आणि या त्वचेची एक खासियत आहे, जी मला अजूनही भारी वाटते. ती सरकते. अंगावरच्या बाकी त्वचेचे मेलेले पापुद्रे जागच्या जागी गळून पडतात. कानात तसं झालं असतं तर काही वर्षांत नळी बुजली असती. म्हणून पडद्याच्या मध्यापासून त्वचेचा वरचा थर हळूहळू बाहेरच्या दिशेला सरकत राहतो, साधारण नखं वाढतात त्या वेगाने. एअरपोर्टवर बॅगा येतात तो पट्टा असतो ना, तसा. बाहेरच्या भागात आला की त्याला मळ चिकटतो, आणि चावताना, बोलताना जबडा हलतो त्याने तो सुटून बाहेर पडतो. कान स्वतःला असा साफ करतो.

मळाबद्दल आपल्या मनात फार घाण भावना आहे. पण मळ म्हणजे कानाचा रेनकोट आहे. तो तेलकट असल्यामुळे पाणी त्वचेत मुरू देत नाही, आणि किंचित आंबट असल्यामुळे जंतूंना तिथे घर करणं अवघड जातं. हे 'किंचित आंबट' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता येऊ कोंड्याकडे.

डोक्यात कोंडा होतो त्याच्यामागे मालासेझिया नावाची एक बुरशी असते. घाबरू नका, ती प्रत्येकाच्या अंगावर असते, तुमच्याही आणि माझ्याही. जिथे त्वचा तेलकट असते तिथे ती राहते आणि ते तेल खाते. खाताना ती जे पदार्थ मागे सोडते ते काही लोकांच्या त्वचेला झोंबतात. मग त्या लोकांची त्वचा लालसर होते आणि घाईघाईने नवे थर तयार करायला लागते. जुने थर धड पिकायच्या आधीच खपल्या होऊन सुटतात. त्या खपल्यांनाच आपण कोंडा म्हणतो. डॉक्टर याला सेबोरिक डर्मटायटिस म्हणतात, म्हणजे तेलकट जागी होणारा एक्झिमाच.

या तेलकट जागा कुठल्या? डोकं, भुवया, नाकाच्या दोन्ही बाजूच्या खाचा, पुरुषांमध्ये दाढी-मिशीखाली, छातीच्या मध्यावर, कानाच्या मागची घडी. आणि कानाच्या नळीचा तो बाहेरचा भाग. डोक्यात कोंडा आहे आणि कानात खाज आहे, तर बहुतेक वेळा ते दोन आजार नसतात. एकच आजार दोन खोल्यांत राहतोय. कानातली खाज घेऊन आलेल्या माणसाचे मी आधी केस बघते आणि मग भुवया. लोकांना वाटतं डॉक्टरचं लक्ष नाही.

घरच्या घरी कळायची खूण सांगते. कानाच्या तोंडाशी आणि कानामागच्या घडीत पिवळसर, थोड्या चिकट, तेलकट खपल्या दिसत असतील, खाली त्वचा गुलाबी असेल आणि कोंडाही असेल, तर जवळपास हेच. खपल्या कोरड्या आणि भुकटीसारख्या असतील, लहानपणापासून कोपराच्या-गुडघ्याच्या आतल्या घडीत चट्टे येत असतील, घरात दमा किंवा सर्दीची अॅलर्जी असेल, तर तो दुसरा एक्झिमा, अॅटोपिक. आणि जाडजूड चंदेरी खपल्या, सोबत कोपरावरही तसलेच चट्टे असतील, तर सोरायसिसचा विचार करावा लागतो. तिन्हींचा कानातला पुढचा प्रवास बराच सारखा आहे, म्हणून मी आज कोंड्यालाच धरून राहते.

आता प्रश्न असा की खाजवलं तर बिघडलं कुठे?

पहिली गोष्ट, कानात खाजवल्यावर जे सुख मिळतं ते खोटं नाही. या छोट्याशा नळीत चार-चार नसांच्या शाखा येतात. त्यातली एक तर त्याच नसेची फांदी आहे जी घशापासून हृदय आणि पोटापर्यंत जाते. काहींना कानात काडी घातली की खोकला येतो, तो यामुळेच. एवढ्या नसा एवढ्याशा जागेत असल्यावर तिथे घासलं की मेंदूला एकदम जोरदार सिग्नल जातो आणि त्या गोंगाटात खाजेचा आवाज क्षणभर दबतो. सुटलो, असं वाटतं.

पण घासताना तीन गोष्टी होतात. वरचा थर खरवडला जातो आणि डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक चिरा पडतात. मळ, म्हणजे रेनकोट, पुसला जातो. आणि जखमेमुळे त्वचा सूज आणणारी रसायनं सोडते, ज्यांनी खाज आणखी वाढते. दहा मिनिटांनी परत करंगळी आत. काही आठवडे हे चाललं की त्वचा जाड होते, तिचं सरकणं बिघडतं, खपल्या बाहेर पडायच्या ऐवजी आत साचतात. मग 'कानात काहीतरी आहे' असं वाटून माणूस आणखी कोरतो.

कापसाच्या काडीने कोरलं तर चालतं, हा समज फार आहे. कापूस मऊ दिसतो, पण कोरडा कापूस त्या पातळ त्वचेवर घासणं आणि बारीक सँडपेपर घासणं यात फार अंतर नाही. शिवाय ती काडी बाहेर येताना थोडा मळ आणते खरी, पण आत जाताना त्याहून जास्त मळ पडद्याकडे ढकलते.

आता एक केस सांगते. मुलाची परवानगी घेतलीय, नाव-गाव सांगत नाही.

वय २३. घरोघरी जेवण पोचवायचं काम. दिवसाला नऊ-दहा तास गाडीवर, डोक्यावर हेल्मेट, आणि नकाशाच्या सूचना ऐकायला उजव्या कानात इअरफोन. फक्त उजव्या. डोक्यात कोंडा कॉलेजपासूनच. मे महिन्यात घाम वाढला तशी उजव्या कानात खाज सुरू झाली. सिग्नलला थांबला की गाडी बंद करून किल्लीचं टोक कानात फिरवायचा. हे त्यानेच सांगितलं, किल्ली दाखवली पण. टोकाला दाते होते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू झाला. भिजलेलं हेल्मेट, ओला कान आणि वर इअरफोनचं रबरी बूच. इथे इअरफोनचा गुन्हा समजून घ्या. इअरफोन स्वतः खाज निर्माण करत नाही. तो झाकण लावतो. आतली वाफ बाहेर जात नाही, घाम आणि पाणी सुकत नाही. बोटं जास्त वेळ पाण्यात राहिली की कशी सुरकुततात, तशी कानातली त्वचा फुगते, मऊ पडते, आणि चिरा उघड्या होतात. मळ आधीच किल्लीने गेलेला, त्यामुळे आंबटपणाही गेला. आता जंतूंना काय हवंय? ओलावा, ऊब, अंधार, उघडी त्वचा. सगळं तयार.

या परिस्थितीत बहुतेक वेळा जो जंतू शिरतो त्याचं नाव स्यूडोमोनास. तो पाण्यात, ओल्या जागी राहणारा जंतू आहे. त्याच्या खालोखाल स्टॅफ, जो आपल्याच त्वचेवर, नाकात आणि नखांखाली असतो, आणि करंगळीवर बसून कानात जातो.

तिसऱ्या दिवशी त्याला वडापावचा घास चावताना कानात कळ आली. रात्री उजव्या कुशीवर झोपता येईना. कान जड, ऐकू कमी. हाडाच्या नळीत सूज आली की तिला पसरायला जागा नसते. गालावर गळू झालं तर तो फुगतो, इथे मात्र सगळा दाब आतल्या आत. म्हणून हे दुखणं दिसायला काहीच नसतं आणि सहन होत नाही.

या इन्फेक्शनची एक साधी परीक्षा आहे. कानाच्या छिद्रासमोर, गालाच्या बाजूला, एक छोटासा उंचवटा असतो. तो हळूच दाबा. किंवा कानाची पाळी धरून हलवा. त्याने दुखणं एकदम वाढलं तर गडबड नळीत आहे. सर्दीनंतर पडद्यामागे पू होतो तेव्हाही कान भयंकर ठणकतो, पण बाहेरून हलवून तो फारसा जास्त दुखत नाही. आणि हो, अक्कलदाढ किंवा जबड्याच्या सांध्यामुळेही कान दुखू शकतो, तेव्हा चावताना कळ आली म्हणजे कानच, असं नाही.

इथवर आला असता तरी प्रकरण आठवडाभरात मिटलं असतं. अशा वेळी आम्ही नळी साफ करतो, अँटिबायोटिकचे थेंब सात ते दहा दिवस देतो, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. नळी सुजून बंद झाली असेल तर त्यात स्पंजची बारीक वात ठेवतो, म्हणजे थेंब आतपर्यंत पोचतात. तब्येतीने धडधाकट माणसाला गोळ्यांचं अँटिबायोटिक बहुतेक वेळा लागत नाही, कारण थेंबांतून औषध जितकं दाट तिथे पोचतं तितकं पोटातून कधीच पोचत नाही. पेशंटना हे पटत नाही. गोळी दिली नाही म्हणजे डॉक्टरने मनावर घेतलं नाही, असं वाटतं.

पण तो आला नाही. एक दिवस सुट्टी म्हणजे एका दिवसाची कमाई गेली. त्याने औषधाच्या दुकानातून थेंब आणले. त्या बाटलीत अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र होतं. चार दिवसांत दुखणं गेलं. इथपर्यंत नशीब चांगलं. पण त्याच्या लक्षात आलं की हे थेंब टाकले की खाजही थांबते. थांबणारच, स्टेरॉइड खाज थांबवतंच. मग त्याने ती बाटली बॅगेत ठेवली आणि खाज आली की दोन थेंब, असं सुरू केलं. जवळजवळ महिनाभर.

आता बघा काय झालं. अँटिबायोटिकने कानातले वाईट जंतू मारले, तसेच रोजचे निरुपद्रवी जंतूही मारले. हे निरुपद्रवी जंतू जागा अडवून बसलेले असतात, म्हणून बुरशीला पाय पसरता येत नाहीत. ते गेले. स्टेरॉइडने तिथली संरक्षण यंत्रणा झोपवली. वर पावसाळा आणि थेंबांचा ओलावा. मोकळ्या प्लॉटवर बुरशी आली. ही कोंड्यातली मालासेझिया नव्हे, वेगळी बुरशी. भिंतीवर ओल आली की जो काळा बुरा येतो, त्याच घराण्यातली, अॅस्परजिलस.

जुलैच्या शेवटी तो माझ्याकडे आला तेव्हा दुखणं कमी होतं, पण खाज अशी की रात्री झोपेतून उठायचा. कान बंद, चिकट पाणी येत होतं. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर नळीत भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा राखाडी गोळा, आणि त्यावर काळे ठिपके. एकदा बघितलं की हे चित्र विसरत नाही. काही वेळा दुसरी बुरशी असते, कँडिडा, तेव्हा दह्याच्या साईसारखा पांढरा थर दिसतो.

कानात बुरशी झाली की सगळ्यात महत्त्वाचं औषध म्हणजे सफाई. सक्शनच्या बारीक नळीने तो लगदा मी काढला. तो आत असताना वरून कितीही थेंब टाका, औषध त्वचेपर्यंत जातच नाही. मग क्लोट्रिमाझोलचे थेंब, आणि आठवड्याने परत बोलावून उरलेला लगदा साफ केला. थेंब लक्षणं गेल्यावरही साधारण दोन आठवडे चालू ठेवायचे होते, आणि यावेळी त्याने ठेवले. कान पूर्ण कोरडा ठेवायचा. पूर्ण म्हणजे अंघोळ करताना कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून छिद्राच्या तोंडाशी ठेवायचा आणि अंघोळ झाली की लगेच काढायचा.

थेंब टाकायची पद्धतही सांगून टाकते, कारण दहातले आठ जण चुकीच्या पद्धतीने टाकतात. बाटली दोन मिनिटं मुठीत धरून कोमट करा. गार थेंब गेले तर गरगरतं. मग कुशीवर झोपा, दुखरा कान वर. तीन-चार थेंब टाका, छिद्रासमोरचा तो उंचवटा चार-पाच वेळा हळूहळू दाबा, म्हणजे हवा निघते आणि औषध खाली उतरतं. आणि पाच मिनिटं तसेच पडून राहा. उभ्याने मान वाकडी करून टाकलेले थेंब शर्टच्या कॉलरवर उपचार करतात.

तीन आठवड्यांनी बुरशी गेली. आणि मग दिसलं ते मूळ. कानाच्या तोंडाशी गुलाबी त्वचा, पिवळसर खपल्या. नाकाच्या खाचांतही तेच. डोक्यात तर होताच. म्हणजे इन्फेक्शन दोनदा येऊन गेलं, पण ज्या कारणाने किल्ली कानात गेली ते कारण तसंच बसलेलं. हे सोडलं असतं तर गणपतीपर्यंत तो परत आला असता.

म्हणून उपचार डोक्यापासून सुरू केला. दोन टक्के केटोकोनाझोलचा शॅम्पू, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. हा शॅम्पू लावला की लगेच धुवायचा नाही. पाच मिनिटं राहू द्यायचा, कारण त्याला बुरशीवर काम करायला वेळ लागतो. जाहिरातीतल्यासारखं दहा सेकंदांत फेस करून धुतलात तर महागडा साबण वापरला एवढंच. त्याच फेसाचं बोट कानामागच्या घडीवर आणि भुवयांवर फिरवायचं. कानाच्या नळीत मात्र शॅम्पू जाऊ द्यायचा नाही, साबणाने तिथला आंबटपणा जातो आणि त्वचा आणखी चिडते. चार आठवड्यांनंतर आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा. कोंडा कायमचा जात नाही, आटोक्यात राहतो. हे मी त्याला आधीच सांगितलं, कारण दोन महिन्यांनी तो परत आला की लोक म्हणतात औषध फसवं होतं.

कानातल्या खाजेसाठी सौम्य स्टेरॉइडचे थेंब दिले, अँटिबायोटिक नसलेले, आणि फक्त आठ दिवसांसाठी. मग बंद. पुढे परत खाज भडकली तर दोन-तीन दिवस. स्टेरॉइड वाईट नाही. चालू असलेलं इन्फेक्शन न बघता आणि मोजमाप न ठेवता वापरलं की वाईट.

इअरफोनचं काय? त्याचं पोट त्याच्यावर आहे, 'वापरू नकोस' म्हणून चालणार नव्हतं. (गाडी चालवताना कानात काही असावं का, हा वेगळा वाद आहे आणि माझं मत तुम्हाला माहीत आहे.) त्याने फोन हँडलवर लावायचा स्टँड घेतला आणि नकाशा बघून जायला लागला. रस्त्याकडेला थांबून फोनवर बोलायचं असेल तेव्हाच इअरफोन. त्याची रबरी टोकं दोन-तीन दिवसांनी काढून साबणाने धुवायची आणि पूर्ण सुकल्यावरच परत लावायची. पावसात भिजून आलं की डोकं एका बाजूला कलवून पाळी मागे-वर ओढायची, पाणी निथळतं. उरलेलं सुकवायला घरी हेअर ड्रायर असेल तर गार हवेवर, हातभर लांबून, अर्धा मिनिट.

आणि खाज आली की करायचं काय, कारण औषध सुरू झालं तरी पहिला आठवडा खाज येतेच? त्याला सांगितलं, कानामागचं हाड किंवा छिद्रासमोरचा उंचवटा बाहेरून तळव्याने दाबून गोल फिरव. आतल्या त्वचेला न शिवता त्या नसांना काहीतरी काम मिळतं. किल्लीइतकं सुख नाही मिळत, हे त्याने मला स्पष्ट सांगितलं. पण नखं कापली, किल्लीला जाडजूड रबराचं कव्हर लावलं. सवय ही डोक्यात कमी आणि हातात जास्त असते.

आता तुमच्या व्हॉइस नोट्स. सगळ्यात जास्त प्रश्न तेलाचा. "आजी लसूण टाकून कोमट तेल घालते, घालू का?" आजीचा मान राखून सांगते, कोंड्याच्या खाजेत नको. तेल हे मालासेझियाचं जेवण आहे. पहिले दोन दिवस खपल्या मऊ होतात म्हणून बरं वाटतं, नंतर खाज वाढते. पावसाळ्यात तेल, खपल्या आणि ओलावा यांचा लगदा होतो आणि त्यावर दुसरी बुरशी बसते. शिवाय 'कोमट' कधी 'गरम' होतं ते कळत नाही, कानात भाजलेले पेशंट मी बघितलेत. ज्यांची त्वचा नुसती कोरडी आहे, कोंडा नाही, इन्फेक्शन नाही, पडदा शाबूत आहे, त्यांना थोडं तेल चालू शकतं. पण ते ठरवायला आधी कुणीतरी आत बघितलेलं असावं लागतं. हायड्रोजन पेरॉक्साइडबद्दलही हेच, खाजऱ्या कानात तो आग करतो.

एका मुलीचा प्रश्न होता की कोंडा अजिबात नाही, पण नवीन झुमके घातल्यापासून पाळी आणि कान दोन्ही खाजतात. हे वेगळं आहे, अॅलर्जी. स्वस्त धातूतलं निकेल, हेअर डाय, इअरफोनच्या टोकाचं रबर, आणि कधी कधी कानाचे थेंबच. निओमायसिन नावाचं अँटिबायोटिक असलेल्या थेंबांची अॅलर्जी चांगलीच माहितीतली आहे. थेंब सुरू केल्यावर दुखण्यापेक्षा खाज आणि लाली वाढत गेली, पाळीवरून गालावर उतरायला लागली, तर औषध जास्त टाकू नका, थांबवा आणि दाखवा.

आणि कुणाचा कान पूर्वी फुटलेला असेल, म्हणजे पडद्याला भोक असेल, तर दुकानातून कुठलेच थेंब आणू नका. काही अँटिबायोटिक थेंब भोकातून आत गेले तर आतल्या कानाला इजा करू शकतात.

शेवटचा निरोप एका श्रोत्याचा, तो वाचूनच दाखवते. "माझ्या आजोबांना शुगर आहे, वय ७२, ते पिनेने कान कोरतात, आठ दिवस कान दुखतोय, रात्री जास्त, थेंबांनी फरक नाही." मित्रा, हे या आठवड्यातलं काम नाही, आजचं आहे. मधुमेह असलेल्या वयस्कर माणसात हाच स्यूडोमोनास त्वचेतून कवटीच्या हाडात शिरू शकतो. रात्री जागवणारं खोल दुखणं, थेंबांना दाद न देणं ही त्याची खूण आहे, आणि पुढे त्या बाजूचा चेहरा वाकडा होऊ शकतो. त्यात अँटिबायोटिक कित्येक आठवडे द्यावं लागतं आणि स्कॅनही करावा लागतो. आजोबांची शुगर तपासून त्यांना आजच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे घेऊन जा. हा भाग येण्याआधीच मी तुला उत्तर पाठवलंय, इथे बाकीच्यांसाठी वाचलं.

पुढच्या भागात कानात सतत शिट्टी किंवा रातकिडे का वाजतात, त्यावर बोलू. व्हॉइस नोट पाठवताना वय आणि किती दिवसांपासून त्रास आहे, तेवढं सांगा.